महिलादिनाची ऑफर आणि वडीलकीचा सूर

महिलादिनाची ऑफर पोस्ट म्हणजे खरं तर चार-पाच दिवसांपुरतं दरपत्रक. कोणत्या कामाचे किती पैसे, ऑफर कोणत्या तारखांना, वेळ कशी घ्यायची, एवढं सांगितलं की तिचं काम झालं. पण मार्च उजाडला की ब्युटी पार्लरांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर जे येतं, त्यात नेमकं हेच शोधावं लागतं. गुलाबी चौकट, पाठमोरी उभी राहिलेली मोकळ्या केसांची बाई, शेजारी आई-बहीण-पत्नी-मुलगी अशी नात्यांची यादी, त्याखाली त्यागाचं कौतुक, मग ‘या महिलादिनी थोडं स्वतःसाठीही जग’ असा सल्ला आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत ‘फेशियलवर ५०% सूट, अटी लागू’. वाचणारीला हवा असतो दर. पदरात पडते शाबासकी.

या सुराला वडीलकीचा सूर म्हणता येईल. बोलणारा वर बसलेला, ऐकणारी खाली. गंमत म्हणजे पोस्ट टाकणारी पार्लरची मालकीण बहुतेक वेळा स्वतःच बाई असते, आणि ती एरवी असं अजिबात बोलत नाही. गिऱ्हाईक दारात आलं की ती म्हणते, “या ताई, बसा. आयब्रो की अजून काही? पाच मिनिटं थांबावं लागेल, चालेल ना?” या तीन वाक्यांत स्वागत आहे, कामाचा प्रश्न आहे आणि उशिराची कबुलीही आहे. तीच बाई मोबाइलवर तयार साचा उघडते आणि लिहायला लागते, “तू थांबू नकोस, तू शक्ती आहेस.” समोरासमोर ‘तुम्ही’ असलेली ताई पोस्टमध्ये ‘तू’ होते, आणि हा ‘तू’ मैत्रिणीचा नसतो. बक्षीस-समारंभातल्या पाहुण्याचा असतो.

सूर बिघडण्याचं पहिलं कारण साधं आहे. सांगायला ठोस काही नसलं की जागा गोड शब्दांनी भरली जाते. ऑफर काय द्यायची हे ठरलेलं नसताना सात तारखेच्या रात्री पोस्ट करायला घेतली, तर त्यागाचं कौतुक करण्यावाचून लिहिणारीच्या हाती काही नसतं. म्हणून सूर सुधारायचा तर सुरुवात शब्दांपासून करून भागत नाही. ऑफर आधी ठरावी लागते. पण त्याआधी नेहमीची पोस्ट एकदा नीट उलगडून पाहायला हरकत नाही.

समजा, पोस्ट अशी आहे: “तू आई आहेस, तू पत्नी आहेस, तू मुलगी आहेस. सगळ्यांसाठी झिजतेस, पण आरशात स्वतःकडे शेवटचं कधी पाहिलंस? या महिलादिनी आम्ही देतोय तुझ्या सौंदर्याला सन्मान! फ्लॅट ५०% ऑफ. अटी लागू.”

पहिल्या वाक्यात बाईची ओळख दुसऱ्या कुणाची तरी कोण, अशी करून दिली आहे. पार्लरमध्ये येणाऱ्यांत कॉलेजच्या मुली असतात, अविवाहित नोकरदार असतात, घटस्फोट घेतलेल्या असतात, नवरा गेल्यावरही दर महिन्याला केस रंगवायला येणाऱ्या आजी असतात. नात्यांच्या यादीत यातल्या निम्म्याजणी कुठे ना कुठे अडखळतात. शिवाय यादीचा ऑफरशी काही संबंध नाही. हेअरकटचा दर आईला एक आणि मावशीला दुसरा नसतो.

दुसरं वाक्य सगळ्यात अवघड, कारण लिहिणारीला ते प्रेमळ वाटतं. ‘झिजतेस’ या शब्दात कीव आहे आणि ‘आरशात शेवटचं कधी पाहिलंस’ यात टोमणा. वाचणारी बाई आज सकाळीच आरशात पाहून कामावर गेली आहे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बिनसलंय आणि ते तिच्या लक्षात आलेलं नाही, असं सुचवून मग तिला दुरुस्तीसाठी बोलावणं ही सौंदर्यव्यवसायाची जुनी खोड आहे. एरवी ती खपून जाते. महिलादिनाच्या दिवशी ती सन्मानाच्या शब्दांत गुंडाळून येते, म्हणून जास्त खटकते.

तिसऱ्या वाक्यात पार्लर सन्मान ‘देतं’. सन्मान देणारा आणि घेणारा अशी मांडणी झाली की देणाऱ्याचा हात वर गेला. सूट देणं वेगळं. तो व्यवहार आहे, त्यात दोघींचा फायदा आहे आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही. ‘दोनशे रुपये कमी’ असं म्हटलं की दोघी बरोबरीच्या राहतात.

चौथ्या वाक्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. ५०% कशावर, कधीपासून आणि कोणत्या अटी, यातलं काहीच सांगितलेलं नाही आणि वाचणारीने विचारायला यावं अशी अपेक्षा आहे. माहिती हातची राखून ठेवणं हाही वडीलकीचाच प्रकार.

हा सूर ओळखायला एक युक्ती उपयोगी पडते. तीच पोस्ट पुरुषांच्या सलूनसाठी लिहून पाहायची. “तू बाप आहेस, तू नवरा आहेस, तू जावई आहेस. सगळ्यांसाठी राबतोस, पण स्वतःसाठी शेवटची दाढी कधी केलीस?” १९ नोव्हेंबरला, पुरुषदिनी, एखाद्या सलूनने हे लावलं तर गल्लीतले लोक आठवडाभर हसतील. जे वाक्य पुरुषाला उद्देशून हास्यास्पद वाटतं, ते बाईला उद्देशूनही वडीलकीचंच असतं. कान सरावलेले असतात, एवढाच काय तो फरक.

हे फक्त गल्लीतल्या पार्लरचं होतं असं मुळीच नाही. २०२२ च्या महिलादिनाला फ्लिपकार्टने ग्राहकांना संदेश पाठवला: हा दिवस तुमचा, तो साजरा करूया, स्वयंपाकघरातली उपकरणं २९९ रुपयांपासून. टीका झाल्यावर कंपनीने माफी मागितली. उपकरणं विकण्यात चूक काहीच नव्हती. ती वर्षभर विकली जातात. पहिल्या अर्ध्या वाक्यात बाईचा गौरव आणि दुसऱ्या अर्ध्यात तिची जागा चुलीपाशी, हा जोड अंगाशी आला. पार्लरच्या पोस्टमध्ये हाच जोड ‘तुझ्या कर्तृत्वाला सलाम’ आणि ‘अप्पर लिप फ्री’ असा येतो.

मराठी पोस्टमध्ये या जोडाचा आणखी एक नमुना दिसतो. वर जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्याबाई यांची चित्रं आणि खाली वॅक्सिंगचे दर. सावित्रीबाईंची पुण्यतिथी १० मार्चला, महिलादिनानंतर दोनच दिवसांनी येते, त्यामुळे चित्र सहज हाताशी असतं. शाळेत जाताना अंगावर शेण झेललेल्या बाईच्या चित्राखाली ‘फुल आर्म्स १९९’ लिहिताना कुणालाही अवघडल्यासारखं व्हावं. अभिवादन करायचं असेल तर १० मार्चला वेगळी पोस्ट करावी, त्यात दर नसावा, फोन नंबरही नसावा.

मुळात हा दिवस सवलतींचा नव्हता, हे थोडक्यात माहीत असलेलं बरं. अमेरिकेत १९०९ मध्ये समाजवादी पक्षाने महिलादिन पाळला, १९१० मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी तो आंतरराष्ट्रीय व्हावा असा प्रस्ताव मांडला, आणि ८ मार्च ही तारीख रूढ झाली ती १९१७ मध्ये पेत्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या कामगार बायकांनी केलेल्या संपामुळे. संयुक्त राष्ट्रांनी तो १९७५ पासून पाळायला सुरुवात केली. मजुरी, मताधिकार, कामाचे तास हे त्याचे विषय. पार्लरने पोस्टमध्ये हा इतिहास सांगावा अशी गरज नाही. पण आठ तारखेला ऑफरमुळे हाताखालच्या मुलीला दोन तास जास्त उभं राहावं लागणार असेल, तर त्या दोन तासांचे पैसे तिला मिळायला हवेत. ते मिळाले तर पोस्टमध्ये सन्मानाची भाषा वापरायचा हक्क थोडा तरी उरतो.

कोण बोलतंय, यावर सूर किती अवलंबून असतो याचं एक उदाहरण सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींच्याच इतिहासात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका जाहिरात संस्थेत इलॉन स्पेक्ट नावाची तरुण कॉपीरायटर लॉरिआलच्या हेअर कलरची जाहिरात लिहीत होती. त्या काळी केसांच्या रंगाच्या जाहिरातीत बाई दिसायची आणि तिच्याबद्दल पुरुष बोलायचा. स्पेक्ट यांनी बाईलाच बोलायला लावलं. ती सांगते की आपण सगळ्यात महागडा हेअर कलर वापरतो, पैशांची फिकीर आहे असं नव्हे, पण आपली तेवढी योग्यता आहे. ती ओळ कंपनी आजही वापरते. पुढे तिचं अजीर्ण होईपर्यंत अनुकरण झालं ते सोडा, पण मूळ रचनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या होत्या: निर्णय बाईच्या तोंडून आला, आणि किंमत लपवली नव्हती. पार्लरच्या पोस्टला एवढ्या दोन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ.

आता ऑफर ठरवण्याकडे. सूर आणि हिशोब यांचा संबंध इथे येतो आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही.

एक लहान पार्लर धरू. मालकीण आणि एक मदतनीस, दोन खुर्च्या, सकाळी दहा ते रात्री आठ. हेअरकट वॉशसह ३५० रुपये, क्लीन-अप ५००, आयब्रो ५०. तिन्ही मिळून ९००. या तिन्हीला मिळून साधारण दीड तास लागतो. दोन खुर्च्यांचे दिवसाचे वीस तास; जेवणाचा एकेक तास वजा केला तर अठरा. म्हणजे दुसरं काहीच काम घेतलं नाही तरी दिवसाला जास्तीत जास्त बारा पॅकेज होतात. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी परत पाठवता येत नाही, म्हणून निम्मा वेळ त्यांच्यासाठी ठेवला तर उरतात सहा.

ऑफर फक्त आठ तारखेला ठेवली तर ती सहाजणींना मिळेल. स्टेटस पाहिलेलं असतं दोनशेजणींनी. त्यातल्या वीस आल्या तरी दुपारपर्यंत बाकावर बसायला जागा उरत नाही, दीड तासाचं काम चाळीस मिनिटांत उरकलं जातं आणि आतून आवाज येतो, “ऑफरवाल्या जरा थांबा, आधी रेग्युलर कस्टमर घेऊ दे.” सकाळी ‘राणी’ म्हणून बोलावलेली बाई दुपारी ‘ऑफरवाली’ होते. पोस्टचा सूर कितीही जपला तरी तो इथे मोडतो. म्हणून ऑफर पाच दिवसांची हवी. ६ ते १० मार्च धरले तर रोज सहाप्रमाणे तीस जागा होतात आणि तो आकडा पोस्टमध्ये उघडपणे लिहिता येतो. वारही बघावा लागतो. २०२६ मध्ये ८ मार्च रविवारी येतो, २०२७ मध्ये सोमवारी. सोमवारी नोकरदार बायकांना संध्याकाळशिवाय येणं जमत नाही.

आता सवलत किती द्यायची ते. क्लीन-अपचं क्रीम, स्क्रब, कापूस, शॅम्पू, डिस्पोजेबल टॉवेल असा एका पॅकेजमागे १२० रुपयांचा माल लागतो असं धरू. एरवी ९०० मधून ७८० उरतात. पॅकेज ७०० ला दिलं तर ५८० उरतात. ५०% सूट दिली तर ४५० मधून ३३०, तेही दीड तासाच्या कामाचे. आणि त्यातून मदतनिसाचा पगार, भाडं, वीजबिल. हे परवडत नाही. मग तूट कुठून तरी भरून काढावी लागते आणि ती खुर्चीत बसलेल्या बाईकडूनच निघते. चेहऱ्यावर हात फिरवत सुरुवात होते: “ताई, स्किन किती टॅन झालीय. क्लीन-अपने नाही जायचं, डी-टॅन घ्या. आणि केस तर बघा, स्पा केल्याशिवाय काही खरं नाही.” म्हणजे पन्नास टक्क्यांची ऑफर ज्या क्षणी ठरली, त्याच क्षणी गिऱ्हाइकाला तिच्यातले दोष दाखवणंही ठरलं. बावीस-तेवीस टक्क्यांची, परवडणारी सूट दिली तर या संवादाची गरजच पडत नाही. मोठ्या आकड्याचा मोह सुटला की सूर निम्मा सुधारतो, तो असा.

सूट मोठी दिसावी म्हणून फेब्रुवारीतच दर वाढवून ठेवण्याची चाल नव्याजुन्या सगळ्याच धंद्यांत आहे. पार्लरमध्ये ती फार लवकर उघडी पडते, कारण गिऱ्हाईक महिन्याला येतं आणि आयब्रोचे मागच्या वेळी किती दिले हे त्याला पक्कं आठवतं.

ऑफर ठरली की पोस्ट जवळजवळ आपोआप लिहिली जाते. वरच्या हिशोबातून ती अशी निघते:

महिलादिन ऑफर, ६ ते १० मार्च
हेअरकट (वॉशसह), क्लीन-अप आणि आयब्रो: ७०० रुपये. एरवी ९००.
वेळ साधारण दीड तास. रोज सहा जागा, वेळ आधी ठरवून.
केस कमरेपर्यंत असतील तर १०० रुपये जास्त.
क्लीन-अप नको असेल तर हेअरकट आणि आयब्रो ३०० रुपये.
नोकरीवरून येणाऱ्यांसाठी रोज संध्याकाळी साडेसहाच्या दोन जागा राखीव.
याच नंबरवर दिवस आणि वेळ कळवा.
महिलादिनाच्या शुभेच्छा!

यात कौतुकाचं एकही वाक्य नाही, तरी कोरडेपणा जाणवत नाही. संध्याकाळच्या दोन राखीव जागा हीच यातली आपुलकी आहे. कुणाचा दिवस कसा जातो याचा विचार करून ती ओळ लिहिली आहे, आणि ‘घर आणि करिअर सांभाळणाऱ्या तुला सलाम’ असं म्हणावं लागलेलं नाही. ‘क्लीन-अप नको असेल तर’ ही ओळही महत्त्वाची, कारण काय करून घ्यायचं ते येणारीने ठरवायचं आहे हे तिच्यातून कळतं. लांब केसांचे जास्तीचे शंभर रुपये आधीच सांगितले, तर काउंटरवर पाकीट उघडल्यावर तोंड पाडायची वेळ येत नाही. शुभेच्छा शेवटी आल्या आहेत हे मुद्दाम. त्या वर घेतल्या की हात आपोआप पुढे कौतुकाकडे वळतो.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. त्या दोन ओळींत तारीख आणि दर हवेत. ‘ती आहे म्हणून घराला घरपण आहे’ या वाक्याने सुरुवात केली तर दर दिसायच्या आधीच बोट पुढे सरकतं. व्हॉट्सअॅप स्टेटस चोवीस तासांत जातं, त्यामुळे पाच तारखेपासून ते रोज नव्याने लावावं लागतं, आणि त्यात उरलेल्या जागांचा आकडा बदलत राहिला की पाहणारीला उपयोगही होतो. ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज फक्त पार्लरचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. म्हणजे तो बहुतेक ओळखीच्यांकडेच जातो. ओळखीच्या बाईला अनोळखी गौरवपत्र पाठवण्यात तसंही काही अर्थ नाही.

‘रेटसाठी मेसेज करा’ ही ओळ मात्र काढून टाकलेली बरी. दर विचारायला लावण्यामागे हिशोब असा असतो की एकदा बोलणं सुरू झालं की गिऱ्हाईक सुटत नाही. पण पैसे मोजून घर चालवणाऱ्या बाईला दर विचारणं म्हणजे परवडत नसल्याची कबुली देण्यासारखं वाटू शकतं. ती विचारत नाही, येतही नाही.

अटींबद्दल कायद्याचंही म्हणणं आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत अटींची टीप दाव्याच्याच भाषेत असावी आणि तिने महत्त्वाची माहिती झाकू नये, असं म्हटलं आहे. मराठीत मोठ्या अक्षरांत सवलत आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हा सगळीकडे दिसणारा प्रकार त्यात बसत नाही. ‘फ्री’ या शब्दालाही तिथे मर्यादा आहेत: एका गोष्टीचे पैसे वाढवून दुसरी फुकट म्हणता येत नाही. गल्लीतल्या पार्लरला कुणी नोटीस पाठवेल असं नाही, पण नियमामागचा विचार सुराशीच जोडलेला आहे. वाचणारीला सगळं कळतं, असं गृहीत धरून सगळं सांगायचं.

रंगाबद्दलही तसंच. जाहिरात क्षेत्रातली स्वनियमन संस्था असलेल्या एएससीआयने २०१४ मध्येच गोरेपणाच्या उत्पादनांसाठी नियम केले, की सावळ्या रंगाची माणसं दुःखी, मागे पडलेली किंवा कमी आकर्षक दाखवू नयेत. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नावही बदललं. २०२२ मध्ये याच संस्थेने लिंगभेदाच्या साचेबद्ध चित्रणाविरुद्धही तत्त्वं आणली; एखादी व्यक्ती प्रेमात, समाजात किंवा कामात यशस्वी होत नाही ती तिच्या रूपामुळे, असं जाहिरातीने सुचवू नये, हा त्यातला एक मुद्दा. पार्लरच्या पोस्टमध्ये ‘गोरेपणा’ हा शब्द आता कमी दिसतो. त्याच्या जागी ‘उजळ’, ‘ब्राइटनिंग’ आणि ‘ग्लो’ आले आहेत. शब्द बदलला, पण शेजारचं चित्र बदललं नाही. साच्याबरोबर आलेली दुधाळ रंगाची परदेशी मॉडेल तशीच असते. त्यापेक्षा स्वतःच्या पार्लरच्या खुर्चीचा, आरशाचा, नीट घडी घातलेल्या टॉवेलांचा साधा फोटो चांगला. गिऱ्हाइकाचा फोटो तिच्या परवानगीशिवाय लावू नये, आणि परवानगी घेताना तो महिलादिनाच्या पोस्टवर जाणार आहे हेही सांगावं. केस कापून झाल्यावर घाईघाईत ‘एक फोटो काढू का’ असं विचारून मिळालेला होकार पुरेसा नाही.

नवऱ्यांना उद्देशून केलेल्या पोस्ट हा आणखी एक प्रकार. ‘घरच्या लक्ष्मीला खूश करा, गिफ्ट व्हाउचर द्या.’ व्हाउचर कुणीही घेऊ शकतं: मुलगी आईसाठी, मैत्रिणी मैत्रिणीसाठी, ऑफिसातले सहकारी मिळून. ‘५०० आणि १००० रुपयांची गिफ्ट व्हाउचर, तीन महिने चालतील, कोणत्याही कामासाठी’ एवढं लिहिलं की नवराही घेतो आणि बाकीचेही. ‘कोणत्याही कामासाठी’ हे शब्द हवेतच. नाहीतर देणाऱ्याने फेशियल ठरवलं म्हणून घेणारीला फेशियलच करावं लागतं, आणि तिला हवा असतो साधा हेअरकट.

मार्चच्या या आठवड्यात होळी आणि रंगपंचमी जवळ असण्याची शक्यताही असते. २०२६ ची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यातलीच. वॅक्स किंवा ब्लीच केल्यावर त्वचा एक-दोन दिवस हुळहुळी असते, अशा त्वचेवर रंग लागला की जळजळ आणि पुरळ. म्हणून ‘रंग खेळणार असाल तर वॅक्स आणि ब्लीच रंगपंचमीनंतर करा, ऑफर दहा तारखेपर्यंत आहे’ अशी एक ओळ पोस्टमध्ये टाकता येते. हेअर कलरच्या ऑफरमध्येही ‘पहिल्यांदा रंग लावणार असाल तर दोन दिवस आधी येऊन कानामागे टेस्ट करून घ्या’ असं लिहिता येतं. यामुळे एखाददुसरं गिऱ्हाईक पुढे ढकललं जाईल, पण पुरळ उठून परत आलेल्या गिऱ्हाइकापेक्षा ते स्वस्त पडतं. ज्या पोस्टमध्ये ‘आत्ता करू नका’ असं लिहिलेलं असतं, तिचे दरही लोक खरे मानतात.

पोस्ट जमली की नाही हे बदामांच्या आकड्यावरून कळत नाही. त्यागाच्या कवितेला बदाम जास्त मिळतात आणि देणाऱ्यांतल्या कित्येकजणी पार्लरमध्ये कधीच येत नाहीत. आलेल्या मेसेजांकडे पाहावं. ‘किती?’, ‘कधीपर्यंत?’, ‘यात काय काय आहे?’ असे प्रश्न येत असतील तर पोस्टने आपलं काम केलेलं नाही आणि ती दुरुस्त करून पुन्हा टाकायला हवी. ‘सात तारखेला साडेसहा चालेल का?’ असे मेसेज येत असतील तर ती जमली आहे. शक्य असेल तर टाकण्याआधी ती नेहमीच्या एखाद्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या वाक्याला वाचणारीचीच जीभ अडखळते किंवा ऐकणारी ओठ दाबून हसते, ते वाक्य काढून टाकावं.

ऑफर चालू असताना आत बोललं जाणारंही पोस्टचाच भाग असतं. मदतनिसाला आधीच सांगून ठेवावं लागतं की ऑफरच्या गिऱ्हाइकाला रंग, डाग, वजन, वय यांवर आपण होऊन काही बोलायचं नाही. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर काम करायचं. दुसरी सेवा सुचवायचीच असेल तर दरासकट आणि एकदाच: “हेअर स्पा ८०० ला आहे, हवा असेल तर सांगा.” नाही म्हटल्यावर विषय संपला.

दहा तारखेच्या रात्री पोस्ट काढून टाकायची किंवा तिच्यावर ‘ऑफर संपली’ असं लिहायचं. अकराव्या दिवशी कुणी ती पाहून आलीच तर चूक पार्लरची धरून तिला ७०० लाच पॅकेज द्यावं. तीसऐवजी एकतीस झाल्या, तर हिशोबात दोनशे रुपयांचाच फरक पडतो.